कोनमापकाचा क्लिनोमीटर आणि कौलारू शाळेची उंची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडच्या किनाऱ्याकडच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांकडून कोनमापकाचा क्लिनोमीटर, म्हणजे कोनमापकाला नळी आणि लोंबता दोरा लावून नजर किती अंश वर गेली ते मोजायचं साधन, करून घेणं आणि त्याने शाळेच्या इमारतीची उंची काढणं हा पाठ मी बरीच वर्षं घेतोय. आसपासच्या शाळांतले शिक्षक त्याबद्दल विचारतात, तेव्हा प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून इथे सगळी उत्तरं एकत्र लिहिली आहेत. आपल्याकडच्या जांभ्याच्या, उतरत्या कौलांच्या इमारतीत एक खास अडचण येते आणि पुस्तकातल्या आकृतीत ती कधीच दिसत नाही. त्या प्रश्नाला मी जरा जास्त जागा दिली आहे.

हा पाठ कोणत्या इयत्तेला घ्यावा? किती तासिका लागतात?

नववीत त्रिकोणमितीची ओळख होते आणि दहावीत उन्नत कोन येतो, म्हणून या दोन इयत्ता सोयीच्या. दोन तासिका लागतात. पहिलीत वर्गात क्लिनोमीटर बनवायचा आणि तपासायचा, दुसरीत अंगणात मोजायचं. दोन्ही एकाच तासिकेत कोंबले तर तपासणी गळते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तिघा-तिघांचे गट पाडा. एकाने नळीतून बघायचं, दुसऱ्याने बाजूने दोरा वाचायचा, तिसऱ्याने लिहायचं. बघणाऱ्यानेच वाचायचं ठरवलं तर वाचण्यासाठी मान वळवताना नळी हलते.

आठवीच्या मुलांना टॅन माहीत नसतो, पण त्यांनाही हा पाठ जमतो. कोन आणि अंतर मोजून झालं की वहीत १ मीटरला १ सेंटिमीटर या प्रमाणात त्रिकोण काढायचा आणि त्याची उभी बाजू पट्टीने मोजायची. ती मीटरमध्ये आणून तिच्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवायची.

साहित्य काय लागेल?

कंपासपेटीतला अर्धवर्तुळाकार कोनमापक, शहाळ्यासोबत मिळते तसली एक स्ट्रॉ, हातभर सुती दोरा, एक-दोन नट आणि चिकटपट्टी. शाळेकडून फक्त लांब मोजपट्टी लागते.

दोऱ्याऐवजी मुलं हमखास तंगूस आणतात, कारण ती घरात पडलेलीच असते. तंगूस नको. रिळावर गुंडाळलेली तंगूस तो वळसा सोडत नाही आणि नटाच्या हलक्या वजनाने सरळ होत नाही. दोरा वाकडा लोंबतो आणि कोन दोन-तीन अंशांनी चुकतो. जाळ्याचं शिसं वजन म्हणून छान काम देईल, पण मीच ते वर्गात आणू देत नाही. मुलं दोऱ्याला गाठ मारताना ते दातात धरतात. दोन नट बांधले की तेवढंच काम होतं.

बनवायचा कसा?

कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ समांतर चिकटवा. कडेच्या मध्यावर, जिथे सगळ्या कोनांच्या रेषा एकत्र येतात, तिथे बारीक भोक असतं. दोरा त्यातून ओवून मागे गाठ मारा. दुसरं टोक वर्तुळाच्या कडेच्या चार-पाच बोटं खाली येऊ द्या आणि त्याला नट बांधा. आता गोल बाजू खाली ठेवून कोनमापक उभा धरला की दोरा गवंड्याच्या ओळंब्यासारखा लोंबेल. नळी आडवी असेल तर दोरा ९० वर येतो.

दोरा भोकातूनच ओवा, हे मी का सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच कोनमापकांत केंद्रबिंदू सरळ कडेपासून काही मिलिमीटर आत असतो. एका वर्षी अर्ध्या वर्गाने दोरा सरळ स्ट्रॉलाच बांधला. तिथे टांगणीची जागा केंद्रापासून सुमारे ५ मिलिमीटर सरकली. लहान कोनमापकाची त्रिज्या जेमतेम ५ सेंटिमीटर असते, त्यामुळे ३५ अंशांच्या कोनाला तीन अंशांहून जास्त चूक पडली, आणि तीही कोन वाढवणारी. नळी आडवी धरली तर ही चूक दिसतच नाही. दोरा व्यवस्थित ९० वर येतो. नळी जसजशी वर करत जाल तसतशी चूक वाढते.

तपासायचा कसा?

दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही करायच्या.

पहिली नळी आडवी धरून. समुद्र दिसत असेल तर आपल्यासारखे नशीबवान आपणच. नळीतून क्षितिजाच्या रेषेवर नजर धरा, दोरा ९० वर आला पाहिजे. काटेकोर बोलायचं तर उंचावरून क्षितिज किंचित खाली दिसतं, पण समुद्रापासून ३० मीटर उंचीच्या टेकाडावरून हा फरक अंशाच्या एक षष्ठांशाएवढाच पडतो. आपला कोनमापक तेवढं वाचू शकत नाही. समुद्र दिसत नसेल तर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करा. एका खुणेला डोळा लावून दुसरी बघायची. दोरा ९१ वर आला तर स्ट्रॉ तिरकी चिकटली आहे. ती सोडवून पुन्हा लावा. वजाबाकी करून भागवू नका, मुलांच्या हातून ती वजाबाकी उलटीच होते.

दुसरी तपासणी कंपासपेटीतल्या गुण्याने. ४५ अंशांचा गुण्या सपाट बाकावर उभा धरा आणि त्याच्या तिरक्या कडेवर क्लिनोमीटरची नळी टेकवा. नट बाकाच्या कडेबाहेर मोकळा लोंबू द्या. दोऱ्याने ४५ दाखवलं पाहिजे. दोरा चुकीच्या जागी बांधला असेल तर तो इथे पकडला जातो. बाक मात्र समतळ आहे का ते आधी बघा. आमच्या वर्गातला एकही नाही, म्हणून मी एका बाकाखाली पुठ्ठा सारून ठेवलाय.

दोरा ५५ वर आहे. उन्नत कोन ५५ का?

नाही. कोन म्हणजे ९० आणि वाचलेल्या आकड्यातला फरक, म्हणजे इथे ३५. नळी आडवी असताना दोरा ९० वर असतो. नळी जेवढी वर कराल तेवढाच कोनमापक फिरतो, दोरा मात्र सरळ खालीच राहतो. म्हणून दोरा ९० पासून जेवढा सरकला तेवढी नळी उचलली गेली. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एकीवर ५५ दिसलं तर दुसरीवर १२५ दिसेल. कोणतीही वाचा, ९० पासूनचा फरक ३५ च येतो. हे मुलांना सांगितलं की गोंधळ निम्मा कमी होतो.

आपली इमारत कौलारू आहे. अंतर भिंतीपासून मोजायचं ना?

या पाठातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि पहिल्या वर्षी ती मीच केली.

पुस्तकात झाड, मनोरा, दीपस्तंभ असतात. त्यांचा शेंडा बुंध्याच्या बरोबर वर असतो. सपाट स्लॅबच्या इमारतीची वरची कडही भिंतीच्या जवळजवळ वरच असते. आपल्या शाळेचा सर्वांत उंच भाग म्हणजे आढं. ते समोरच्या भिंतीवर नसून इमारतीच्या पोटात, मधोमध असतं. मुलगा समोरच्या अंगणात उभा राहतो, नजर आढ्यावर धरतो आणि अंतर मात्र समोरच्या भिंतीपर्यंत मोजतो. त्रिकोणाचा पाया आढ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंत जायला हवा, आणि तो बिंदू वर्गातल्या फरशीवर कुठेतरी असतो.

आमच्याच इमारतीचे आकडे देतो. बघणाऱ्या मुलीच्या डोळ्याची उंची १.४० मीटर. समोरच्या भिंतीपासून १० मीटरवर उभं राहून आढ्याचा कोन १९ अंश आला. टॅन १९ म्हणजे ०.३४४. भिंतीपर्यंतचं अंतर धरून वर्गाने गणित केलं:

उंची = १० × ०.३४४ + १.४० = ४.८४ मीटर

उत्तर वहीत छान दिसतं, म्हणून कोणी शंका घेत नाही. पण आमची वळचणच जमिनीपासून ३.३ मीटरवर आहे. तिथून आढं जेमतेम दीड मीटर वर, म्हणजे कौलांना एवढा कमी उतार, तर आपल्या पावसात ते छप्पर गळून गळून हैराण करील. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ते बरोबर हेरलं: "सर, एवढं चपटं असतं तर पाणी उतरलंच नसतं." त्याचे बाबा कौलं शाकारायला जातात.

मग आत जाऊन समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतची रुंदी मोजली. ती ८ मीटर आली. आढं बरोबर मध्यावर आहे, म्हणजे अंतरात ४ मीटर कमी पडले होते.

उंची = १४ × ०.३४४ + १.४० = ६.२२ मीटर

फरक जवळजवळ दीड मीटरचा. कोन तोच, नजर तीच, चूक फक्त पायाची.

एक सावधगिरी. पुष्कळ इमारतींना पुढे पडवी काढलेली असते. पडवीचं छप्पर वेगळं असेल तर आढं पडवीसकट रुंदीच्या मध्यावर नसतं. अशा वेळी आत जाऊन आढ्याच्या खाली ओळंबा सोडा आणि तिथपासून अंतर मोजा.

आत न जाता सरळ मार्ग नाही का?

आहे, आणि आता मी तोच वापरतो. इमारतीच्या बाजूला जा, जिथे भिंत वर त्रिकोणी होत जाते. तिथे आढ्याचं टोक भिंतीच्या जवळजवळ बरोबर वर असतं. कौलं भिंतीच्या पुढे हातभर आली असतील तर तेवढं अंतर वजा करा.

आमच्या बाजूच्या अंगणात आढ्याच्या टोकाखालच्या बिंदूपासून ७ मीटरवर जागा मिळाली. त्याच मुलीने चारदा वाचलं. ३४, ३५, ३४, ३५ अशी वाचनं आली, सरासरी ३४.५ अंश. टॅन ३४.५ म्हणजे ०.६८७.

उंची = ७ × ०.६८७ + १.४० = ६.२१ मीटर

पुढून काढलेल्या ६.२२ शी हे जुळलं. दोन वेगळ्या बाजूंनी तेच उत्तर आल्यावर वर्गाचा क्लिनोमीटरवर विश्वास बसला. मी नुसतं सांगून तो बसला नसता.

दहावीच्या पुस्तकासारखं दोन ठिकाणांहून कोन घेऊन काढलं तर? मग पाया मोजायलाच नको.

जमतं, आणि दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्या, पण त्याची किंमतही दाखवा. आढ्यासमोर एकाच सरळ रेषेत दोन जागा घ्या, एकमेकींपासून ५ मीटरवर. आमच्याकडे लांबच्या जागेवरून १९ अंश आणि जवळच्या जागेवरून २८ अंश आले.

h = d × tan a × tan b ÷ (tan b − tan a)

इथे d म्हणजे दोन जागांमधलं अंतर, a लांबचा कोन आणि b जवळचा कोन. आकडे घातले की h सुमारे ४.८८ मीटर येतो. डोळ्याची उंची मिळवली की साधारण ६.३ मीटर. ठीक आहे. आता लांबचा कोन १९ ऐवजी २० वाचला गेला असता तर? त्याच सूत्राने उंची ७.१७ मीटर येते. एका अंशाच्या चुकीने जवळजवळ ९० सेंटिमीटर! छेदात दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी आहे, म्हणून छोटी चूक तिथे फुगते. नदीपलीकडच्या झाडासाठी ही पद्धत हवीच, पण जिथे पायापर्यंत पोचता येतं तिथे पाया मोजलेला बरा.

किती लांब उभं राहावं?

कोन ३० ते ६० अंशांच्या मध्ये येईल इतकं. ४५ च्या आसपास एका अंशाच्या चुकीने सर्वांत कमी नुकसान होतं. आमच्या आढ्यासाठी ते सुमारे १७ सेंटिमीटर भरतं. फार लांब जाऊन कोन १० अंशांवर आणलात तर तीच एका अंशाची चूक जवळपास अर्ध्या मीटरची होते. "लांबून नीट दिसतं" म्हणून मुलं कुंपणाला जाऊन टेकतात, त्यांना मागे बोलवा.

समोरून मोजत असाल तर फार जवळही जाऊ नका. छपराच्या उतारापेक्षा नजर जास्त चढली की आढं वळचणीआड जातं, आणि मुलं वळचणीलाच आढं समजून कोन घेतात. कौलं दिसतायत का, हे आधी विचारा. बाजूच्या त्रिकोणी भिंतीकडून ही अडचण येत नाही.

अंगण उताराचं आहे. काय करू?

कोकणात सपाट अंगण मिळालं तर सांगा, मीही बघायला येतो. उताराने दोन गोष्टी बिघडतात.

एक म्हणजे अंतर. उतारावर पट्टी टाकून मोजलं तर ते तिरकं आणि जास्त येतं. आपल्याला आडवं अंतर हवं. पट्टी आडवी ताणून धरा आणि दोन-दोन मीटरच्या टप्प्यांनी पायऱ्या उतरल्यासारखे खाली या. प्रत्येक टप्प्याला पट्टीच्या टोकावरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा.

दुसरी म्हणजे डोळ्याची उंची. मुलगी भिंतीच्या पायथ्यापेक्षा अर्धा मीटर खाली उभी असेल तर १.४० मिळवणं चूक. यावर उपाय सोपा आहे. उभ्या जागेवरून हलायचं नाही, नळी अशी धरायची की दोरा ९० वर येईल, आणि नळीतून भिंतीचा जो बिंदू दिसेल तिथे दुसऱ्याकडून खडूने खूण करून घ्यायची. मग पट्टीने खुणेपासून पायथ्यापर्यंत मोजायचं आणि डोळ्याच्या उंचीऐवजी तोच आकडा मिळवायचा. सपाट जमिनीवरही हे केलं तर बिघडत नाही.

पायथा कोणता, हे आधी ठरवा. एका गटाने जमिनीपासून मोजलं, दुसऱ्याने जोत्यापासून, आणि दोघं भांडत बसले. दोघांचंही बरोबर होतं.

वाऱ्याने दोरा थांबतच नाही.

सकाळची पहिली तासिका घ्या. दिवस चढला की खारा वारा सुटतो, आणि दुपारी तर दोरा झोपाळाच होतो. दुपारीच घ्यावं लागलं तर जोडीदाराने वाऱ्याकडे पाठ करून आडोसा द्यावा. दोरा स्थिर झाला की बघणाऱ्याने "धर" म्हणायचं, आणि वाचणाऱ्याने दोरा बोटाने कोनमापकावर हलकेच दाबून मग वाचायचं. सूर्य आढ्याच्या मागे असेल तर त्या बाजूने नळी लावू देऊ नका.

कॅल्क्युलेटरवर भलतंच उत्तर येतं.

मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर RAD वर असेल. ते DEG वर आणा आणि आधी tan ४५ काढून बघा, १ आलं पाहिजे. तरीही ११-१२ मीटर उंची येत असेल तर ९० मधून वजा करायचं राहिलंय. आमच्याच आकड्यांत ३४.५ ऐवजी ५५.५ घातलं तर ११.६ मीटर येतात, म्हणजे एकमजली शाळा चौमजली होते.

उत्तर खरं आहे का, हे कसं कळणार? छपरावर तर चढता येत नाही.

छपरावर कोणालाही चढवू नका, शिपाईकाकांनासुद्धा. भिंत गिलावा न केलेली असेल तर जांभ्याचे थर मोजा. बाजूच्या भिंतीचे खालचे ५ थर, मधल्या सांध्यांसकट, पट्टीने मोजले तेव्हा १.१५ मीटर आले, म्हणजे एक थर २३ सेंटिमीटरचा. मग मुलांनी खाली उभं राहून वरपर्यंतचे थर बोटांवर मोजले. ते २६ भरले, म्हणजे ५.९८ मीटर. त्यावर आढ्याची आणि कौलांची सुमारे वीतभर जाडी धरली की ६.२ च्या आसपास येतं. सगळ्या चिऱ्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे यातही दहा-पंधरा सेंटिमीटर इकडे तिकडे होणारच.

गुण कसे द्यावेत?

उत्तर ६.२ च्या किती जवळ आलं, यावर देऊ नका. तसं केलं की मुलं शेजारच्या गटाचं उत्तर बघून कोन मागून बसवतात. मी चार वाचनं पेनाने लिहून घेतो, खाडाखोड चालते पण खोडरबर नाही. प्रत्येक गटाने कोन एका अंशाने वाढवून उंची पुन्हा काढायची आणि फरक लिहायचा. मागे एका गटाने लिहिलं होतं, "उंची ६.३ मीटर, पण १८ सेंटिमीटर आमच्या हातात नाहीत." त्यांना मी पैकीच्या पैकी दिले.